उशिरा परतण्याची परवानगी मिळणेबाबत

आमच्या वसतिगृहाचं गेट सातला लागायचं. उन्हाळा असो की हिवाळा, सात म्हणजे सात. उशीर होणार असेल तर मुलीनं सकाळीच अर्ज द्यायचा. कुठं जाणार, कशासाठी, कोणाबरोबर आणि परत कोण आणून सोडणार, एवढं त्यात हवंच. सोडणारा माणूसही कोणी ऐरागैरा चालायचा नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर 'स्थानिक पालक' म्हणून ज्याचं नाव तोच. गेटजवळ पहाऱ्यावरच्या लिलाबाईचं टेबल होतं, त्यावर पत्र्याचा एक ट्रे. अर्ज तिथं टाकायचा. दुपारपर्यंत तो लाल शाईत मंजूर किंवा नामंजूर होऊन लिलाबाईकडे परत यायचा. संध्याकाळी पालक आला की ती तो अर्ज त्याच्यापुढे धरायची, तो सही करायचा आणि मगच मुलगी गेटबाहेर पडायची.

इथवर सगळं ठीक. खरी गोम होती ती आमच्या रेक्टर गुजराथी मॅडमची. त्या कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि अर्ज वाचताना कारणाआधी भाषा बघायच्या. एकीनं बिचारीनं लिहिलं होतं, 'मला आज उशीर होईल, कळावे.' तर त्यावर लाल शाईत शेरा आला, 'विचारता आहात की सांगता आहात? नामंजूर.' दुसरीची दाढ ठणकत होती. तिनं 'दाढ दुखते म्हणून दवाखान्यात जाते' असं लिहिलं. तेही नामंजूर. संध्याकाळी मॅडमनी स्वतः तिला रिक्षात घालून दातांच्या डॉक्टरकडे नेलं, औषधं आणून दिली, रात्री मऊ भातही करून दिला. पण अर्ज नामंजूर तो नामंजूरच!

मला स्वतःला या 'सविनय'चा पहिल्यापासून कंटाळा. आमच्या पारोळ्याला माणूस दारात उभं राहून 'येऊ का' असं विचारत नाही, आत येऊन बसतो आणि चहा मागतो. म्हणून मी अर्ज लिहायच्या भानगडीतच पडायची नाही. मुकाट्यानं सातच्या आत घरट्यात.

पण आमच्या खोलीत हेमलता फिरके होती ना! सावद्याची, केळीच्या बागाईतदाराची मुलगी. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ तुपासारखी. बसस्टँडवरच्या कंडक्टरलासुद्धा 'आपण जरा थांबता का' म्हणणारी. सगळ्या वसतिगृहाचे अर्ज तिच्या हाताखालून जायचे. मुली वहीचा फाटका कागद घेऊन यायच्या, ही कॉटवर मांडी घालून बसायची आणि एकेक वाक्य धुऊन, वाळवून, घडी घालून परत द्यायची. हेमलतानं लिहिलेला अर्ज नामंजूर झाला असं मी कधी पाहिलं नाही. या गोष्टीचा तिला भलता अभिमान होता आणि खरं सांगायचं तर तो असायला हरकतही नव्हती.

तिसरी आमच्यात सिंधू बिऱ्हाडे. शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय रसायन. बोलायची कमी. जे बोलायची ते अहिराणीत, आणि तेही माझ्याशीच, कारण हेमलताला आमची अहिराणी ऐकून हसू यायचं. सिंधूचे काका भिकन बिऱ्हाडे जळगावात पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून होते. तिला आणि तिच्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ते नाना. बारावीनंतर तिचे वडील तिला घरी बसवणार होते. नाना खेड्यात जाऊन धाकट्या भावाशी भांडले, पोरीला जळगावला घेऊन आले, वसतिगृहात घातलं आणि फॉर्मवर स्थानिक पालक म्हणून स्वतःची सही केली. महिन्यातून एका रविवारी ते काकूंनी दिलेला डबा घेऊन यायचे, गेटवर उभं राहूनच विचारायचे, 'अभ्यास?' ही म्हणायची, 'चालू शे.' झालं, एवढंच बोलणं. पण त्या माणसाचा शब्द सिंधूला किती मोलाचा होता ते आम्हाला माहीत होतं.

डिसेंबरातला एक शनिवार. सिंधू सकाळी प्रॅक्टिकलला गेली आणि जाता जाता ट्रेमध्ये एक चिठ्ठी टाकून गेली. आम्हाला काही बोलली नाही. हेमलता दुसऱ्या कोणाचा तरी अर्ज ठेवायला खाली गेली, तेव्हा तिनं ती पाहिली. दुसऱ्याचे अर्ज वाचू नयेत हे तिला लागू नव्हतं, कारण त्यातले निम्मे तिनंच लिहिलेले असायचे. ती धावतच वर आली.

"कुंदे, हे बघ! ही पोरगी वेडी झाली का गं?"

मी वाचलं. वहीच्या कागदावर लिहिलं होतं :

'मॅडम, आज मला यायला उशीर होईल. नाना न्यायला येतील. मुलगा बघायला येणार आहे. जेवायला थांबवतील. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर म्हणा. सिंधू बिऱ्हाडे.'

"ना तारीख, ना विषय, ना महोदया," हेमलता म्हणाली. "आणि हे शेवटचं काय? 'नाही म्हणायचं असेल तर म्हणा'! मॅडमना शिकवतेय ही? अगं, मुलगा बघायला येतोय तिला आणि ही असली चिठ्ठी! मॅडम नुसतं नामंजूर करून थांबणार नाहीत, बोलावून घेऊन झाडतील."

"झाडू दे," मी म्हणाले. "तिची चिठ्ठी, ती बघेल. तुला कोणी सांगितलीय उठाठेव?"

पण हेमलता ऐकते थोडीच! कोणाचं भलं करायचं तिच्या मनात आलं की तिला थांबवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. तिनं कोरा फुलस्केप काढला, डाव्या बाजूला समास पाडला आणि लिहायला लागली. लिहिता लिहिता मला शिकवतही होती. आधी 'प्रति', मग विषय. कारण सांगायचं, पण उघडं नाही सांगायचं. 'मुलगा बघायला येणार' असं नाही लिहायचं, 'कौटुंबिक कार्यक्रम' लिहायचं. वडीलधाऱ्यांचं नाव पुढे करायचं, म्हणजे आपण स्वतःसाठी काही मागतोय असं दिसत नाही. वेळ आपणच नेमकी सांगायची, म्हणजे समोरच्याला विचार करावा लागत नाही. आणि परत सोडणाऱ्याचं नाव स्वतंत्र वाक्यात, कारण मॅडम आधी तेच शोधतात. तिचा अर्ज तयार झाला तो असा :

'विषय : वसतिगृहात उशिरा परतण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय विनंती करते की, आज सायंकाळी माझे काका श्री. भिकन बिऱ्हाडे यांच्या घरी महत्त्वाचा कौटुंबिक कार्यक्रम योजिला आहे. वडीलधाऱ्यांच्या इच्छेस मान देऊन मला तेथे भोजनासाठी थांबणे आवश्यक आहे. माझे काका माझे स्थानिक पालक असून, कार्यक्रम आटोपताच ते स्वतः मला वसतिगृहात आणून सोडतील. तरी मला रात्री साडेनऊपर्यंत परतण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती. आपणास होणाऱ्या तसदीबद्दल क्षमस्व.

आपली आज्ञाधारक'

खाली सिंधूची सहीही तिनंच ठोकली. आमच्यात तेवढं चालायचं. सिंधूची चिठ्ठी तिनं चुरगाळून केराच्या टोपलीत टाकली आणि हा अर्ज ट्रेमध्ये ठेवून आली. दिवसभर खूश होती. 'सिंधूचं जमलं तर पहिला पेढा माझा,' असंही म्हणाली.

दुपारी सिंधू प्रॅक्टिकलहून आली. येताना तिनं लिलाबाईच्या टेबलावरून अर्ज उचलला होता. खोलीच्या दारातच उभी राहिली, तोंड पांढरंफटक. अर्जावर लाल शाईत होतं, 'मंजूर. साडेनऊपर्यंत. भाषा चांगली आहे.'

"हे कोणी लिहिलं?" तिनं विचारलं.

"अगं, कोणी काय?" हेमलता हसत म्हणाली. "तुझा जो काही होता ना, तो मॅडमनी तोंडावर फेकला असता."

"तेच पाहिजे होतं मला!"

सिंधूला ओरडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हेमलताचं हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला. पहिली पाळी करून तो घरच्यांना घेऊन संध्याकाळी येणार, म्हणून कार्यक्रम संध्याकाळचा. मुलगा बरा होता, माणसं बरी होती, तक्रार कशाचीच नव्हती. फक्त त्यांना लग्न फेब्रुवारीत पाहिजे होतं आणि सिंधूची परीक्षा मार्चअखेर होती. काकू म्हणाल्या होत्या, परीक्षा काय, लग्नानंतरही देता येते. कोणी दिलीय लग्नानंतर? आमच्या ओळखीत तरी कोणी नाही.

आणि त्यांच्यात रीत अशी, की मुलगी बघायला आलेले लोक चहा-पोहे घेऊन उठले तर ते नुसते बघून गेले. घरी जाऊन कळवतात, महिना महिना लावतात, तेवढ्यात काहीही होऊ शकतं. पण जेवायला बसले की ठरलं. एका पंगतीत जेवले, मुलीनं वाढलं, की मग कोणी मागे फिरत नाही. त्यांना तोंडानं हो म्हणावंच लागत नाही. सकाळपासून काकूंनी पुरणाची डाळ भिजवली होती. घरी जेवण तयार होणार होतं. फक्त मुलीला सातला परत यायचं असतं तर पंगत बसली नसती.

"म्हणून तसं लिहिलं होतं मी," सिंधू म्हणाली. "बठ्ठं मुद्दाम उद्धट. मॅडम नामंजूर करतील हे माहीत होतं. मग नाना आले की लिलाबाई दाखवणार, नामंजूर. नाना मला काय बोलणार? रेक्टर नाही म्हणाली तर मी तरी काय करू, असं म्हणून मोकळी झाले असते."

"मग नाहीच म्हणायचं होतं ना सरळ," मी म्हणाले. "नानांना."

"माले नई जमत ते, कुंदा." एवढं बोलून ती कॉटवर बसली. "त्यांनी आणलं नसतं तर मी आता कुठं असते?"

हेमलता रडायला लागली. मला तिचा राग आला होता, पण तिचं रडणं खोटं नव्हतं. "मग नेऊच नको तो अर्ज," ती म्हणाली. "फाडून टाकू."

पण लिलाबाईनं पाहिलं होतं. नाना आले की तीच आधी सांगणार, मंजूर झालं म्हणून. हेमलताकडून लग्नाचं कळल्यावर तिला केवढा आनंद! उरला एकच उपाय, तो म्हणजे मॅडमकडे जाऊन मंजुरी मागे घ्यायला लावणं. हेमलतानं डोळे पुसले आणि सवयीनं फुलस्केप ओढला. मी तिच्या हातातून तो काढून घेणार होते, पण तेवढ्यात तिनं विषय लिहून टाकलाही, 'मंजूर परवानगी नामंजूर होणेबाबत.'

मॅडम आवारातल्याच दोन खोल्यांत राहायच्या. आम्ही गेलो तेव्हा पेपर तपासत बसल्या होत्या, बाजूला चहा. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"'तरी आपण उदार अंतःकरणाने मला दिलेली परवानगी कृपया नाकारावी, ही नम्र विनंती.'" मॅडमनी मोठ्यानं वाचलं. "इतकी वर्षं परवानगी मागणाऱ्या पाहिल्या मी. नकार मागणारी आज पहिलीच. काय भानगड आहे?"

"मॅडम, त्याचं असं आहे की, काही अपरिहार्य कौटुंबिक..." हेमलतानं सुरू केलं.

"तुला नाही विचारलं. हिला विचारलं."

सिंधूनं सांगितलं. खाली बघून, पण सगळं. मॅडम ऐकत होत्या, पेपरवरचं पेन तसंच हातात.

"मंजुरी म्हणजे सक्ती नाही," त्या म्हणाल्या. "साडेनऊपर्यंत थांबलंच पाहिजे असं मी कुठं म्हटलंय? सातला परत ये."

"नाना थांब म्हणाले तर मला उठता येणार नाही, मॅडम."

"मग त्यांना सांग, मला आत्ता लग्न करायचं नाही."

"त्यांनाच तर सांगता येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर कोणाचं मन दुखणार नाही. तुम्ही बाहेरच्या."

मला वाटलं, आता मॅडम भडकणार! पण त्यांनी चहाचा कप थोडा बाजूला सरकवला, मंजूर झालेला अर्ज मागून घेतला आणि त्यावर लाल रेघ ओढली. खाली लिहिलं, 'परीक्षा जवळ आल्याने परवानगी रद्द.' तारीख घातली, सही केली. मग हेमलताकडे बघून विचारलं, "या अर्जावर हिची सही कोणी केली?"

हेमलताचा चेहरा लालबुंद.

"सोमवारी बघू तुझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. आणि आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "सिंधू, आजचं मी टाळलं. पुढच्या शनिवारी कोणाला बाहेरचं करशील?"

सिंधू तशीच बाहेर पडली. तिला आजचं टळलं हेच पुष्कळ होतं.

नाना पाचनंतर आले. ऑफिसातल्या कोणाची तरी लूना मागून आणली होती. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात नवे बूट, त्यामुळे जरा जपून चालत होते. मी आणि हेमलता गेटच्या आत बाकावर बसलो होतो, सिंधू लिलाबाईच्या टेबलाजवळ. लिलाबाईनं रडकं तोंड करून अर्ज पुढे केला. "मंजूर झालतं हो नाना, मग काय झालं कोणास ठाऊक."

नानांनी अर्ज लांब धरून वाचला. मला वाटलं, आता चिडतील किंवा खट्टू होतील. पण मी विसरले होते की हा माणूस कारकून होता. वस्तीतल्या सगळ्यांचे अर्ज नानाच लिहायचे. रेशनकार्ड असो, जातीचा दाखला असो, विजेचं मीटर असो, लोक त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचे. 'रद्द' या शब्दानं ते घाबरणारे नव्हते.

"आधी मंजूर, मग रद्द," ते म्हणाले. "म्हणजे काहीतरी गैरसमज झालेला आहे. हरकत नाही. हा विद्यार्थिनीचा अर्ज झाला. पालकाचा स्वतंत्र अर्ज दिला तर त्यांना फेरविचार करावा लागतो. लिलाबाई, कागद आहे का एखादा?"

हेमलतानं माझा हात घट्ट धरला.

लिलाबाईनं कागद दिला. नानांनी खिसा चाचपला. चष्मा घरी राहिला होता, घाईत. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सिंधूपुढे धरलं. "बस. तू लिही, मी सांगतो. खाली सही मी करतो."

सिंधू लिलाबाईच्या स्टुलावर बसली. दुसरं काय करणार? नानांनी हात मागे बांधले, घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. आणि काय ती भाषा! हेमलता त्यांच्यापुढे पाणी भरेल. "'प्रति, माननीय रेक्टर महोदया यांचे सेवेशी. महोदया, मी खाली सही करणार भिकन आधार बिऱ्हाडे, कनिष्ठ लिपिक, आपणांस सविनय सादर करतो की, माझी पुतणी कुमारी सिंधू हिस दिलेली परवानगी रद्द केल्याचे आजरोजी समजले. परीक्षेबाबत आपण दाखविलेल्या काळजीबद्दल मी आपला ऋणी आहे.' लिहिलं? पुढे लिही. 'तथापि, कुमारी सिंधू हिचे विवाहासंबंधी पाहुणे आज परगावाहून येत असून...'"

सिंधू लिहीत होती. मान खाली. मी उठून उभी राहिले. एखाद्या माणसानं स्वतःच्या हातानं हे लिहावं, तेही सुवाच्य अक्षरात, आणि आपण बाकावर बसून बघावं, हे मला सहन होईना. पण मी तरी काय करणार होते? त्या दोघांच्या मधे मी कोण?

"'...सदर कार्यक्रम,'" नाना सांगत होते, "'सदर कार्यक्रम मुलीच्या पूर्ण संमतीने योजिलेला आहे.' स्वल्पविराम नको, पूर्णविराम दे."

सिंधूचं पेन थांबलं.

"लिही ना. 'मुलीच्या पूर्ण संमतीने.' हे घालावंच लागतं. उद्या कोणी म्हणायला नको, पोरीला बळजबरीनं नेलं. आजकाल बाईमाणसं हे आधी बघतात, आणि बघावंच."

"नाना, हे नका लिहू."

"काय नको?"

"संमतीने."

नानांना आधी कळलंच नाही. ते कागदावर वाकले, जणू तिथं काही चुकलं असेल. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तो लाल रेघेचा अर्ज पुन्हा उचलून लांब धरला आणि पुन्हा वाचला. या वेळी हळू वाचला.

"हे रद्द तूच करवलं?"

सिंधूनं होकारार्थी मान हलवली.

"बाईंना जाऊन सांगितलं?"

पुन्हा मान हलली.

नानांनी अर्ज टेबलावर ठेवला. त्यांची ती अर्जातली मराठी तिथंच संपली. "पोरी," ते म्हणाले, "मी तुना नाना शे. माले बी आते अर्ज करना पडी का तुले?"

सिंधू ढसाढसा रडायला लागली. लिलाबाईला काहीच कळत नव्हतं, तरी तीही पदर डोळ्याला लावून उभी. रडता रडता सिंधू बोलली ते एवढंच, "नाना, माले परीक्षा देनी शे."

"मग दे ना! कोन नई म्हनस?" नानांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तुना बापनासंगे काबरं भांडनू मी? याच्यासाठीच ना? तू गप्प राहिली. माले वाटलं, हो शे." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "आते तिकडे पाहुना येवाले लागनात. काकू पुरन वाटी राहिनी. त्यासले मी काय सांगू?"

  उत्तर नानांनी स्वतःच शोधलं. त्यांनी पेन तिच्या हातातून घेतलं, टोपण लावून खिशाला अडकवलं. "तू ऱ्हाय आठे," ते म्हणाले. "ये नको. मी शब्द देल व्हता, मी सांगसू." आणि ते निघाले. लूना तिसऱ्या की चौथ्या पॅडलला सुरू झाली. नव्या बुटांमुळे पाय घसरत होता.

सिंधूला पाहिजे होतं ते मिळालं होतं. आता पंगत बसणार नव्हती. ती स्टुलावर बसून गेटकडे बघत होती आणि मला वाटलं, आता हिला वर नेऊन तोंड धुवायला लावावं. तेवढ्यात ती म्हणाली, "ते एकटेच बसतील त्या लोकांसमोर."

"मोठी माणसं आहेत, बघून घेतील," हेमलता म्हणाली.

"बोलणी खातील माझ्यासाठी. आणि मी इथं लपून बसू?"

तिनं समोरचा कागद उलटा केला, लिलाबाईचं बॉलपेन घेतलं आणि कोऱ्या बाजूवर भराभर काहीतरी लिहिलं. हेमलता पुढे झाली, हात पुढे केलेला, सवय दुसरं काय. पण कागद लिलाबाईच्या हातात गेला होता आणि सिंधू गेटबाहेर. अर्जावर पालकाची सही नाही, मॅडमचा शेरा नाही. लिलाबाई नुसती 'अगं, अगं' करत राहिली.

आम्ही गेटच्या गजांतून पाहत होतो. लूना कोपऱ्यावर बैलगाडीमागे अडकली होती. सिंधू पळत गेली, नानांच्या खांद्याला धरलं. ते मागे वळून काहीतरी बोलले, हात हलवून हॉस्टेलकडे दाखवलं. ती नाही म्हणत होती. नाही, नाही, अशी मान हलवताना इतक्या लांबूनही दिसत होती. नानांसमोर, भर रस्त्यात. मग बैलगाडी पुढे सरकली. नाना पुढे सरकून बसले, ती मागे बसली आणि लूना वळून दिसेनाशी झाली.

आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या होत्या. लिलाबाईनं घाबरत घाबरत कागद दिला. एका बाजूला नानांचा अर्धा अर्ज, दुसऱ्या बाजूला सिंधूच्या दोन ओळी. मी मॅडमच्या शेजारी उभी होते, मला दिसलं.

'मॅडम, पाहुण्यांना नाही सांगायला मी नानांबरोबर जाते. जेवणार नाही, पण उशीर होईल. सिंधू.'

मॅडमनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. हेमलताला राहवेना.

"मॅडम, तिला घाई होती," ती म्हणाली. "मी आत्ता नीट लिहून आणते."

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. "समजलं मला."